दुभाष्याला शब्दांची यादी देताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, जपानी खरेदीदार येणार असला की पुण्याहून दुभाष्या ठरवला जातो. आदल्या संध्याकाळी कुणीतरी त्याला शंभरेक शब्दांची एक्सेल फाइल धाडतो आणि तयारी झाली असं मानतो. दुसऱ्या दिवशी बैठक अडते ती नेमकी त्या फाइलमध्ये नसलेल्या शब्दांवर. फाउंड्रीचं उदाहरण घेतलंय कारण तिथे या सगळ्या चुका एकत्र सापडतात. पंप, गिअर किंवा प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्यांनी आपापले शब्द घालून वाचावं.

इंग्रजी शब्द आहे, तो काय लिहायचा?

सगळ्यात जास्त नुकसान ही एक समजूत करते. कास्टिंग, कोअर, पॅटर्न, रिजेक्शन, क्लेम हे शब्द आपण मराठी बोलताना वापरतो, जपानी माणूसही बरेच इंग्रजी शब्द वापरतो, म्हणून ते यादीत घालत नाहीत. पण जपानीत गेलेल्या इंग्रजी शब्दांनी तिथे वेगळेच अर्थ घेतलेत, आणि फसवणूक नेमकी तिथे होते.

पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवण्यासाठी वापरायचा नमुना. एका फाउंड्रीच्या बोलणीत मालक स्पष्ट म्हणाले, "पॅटर्नचा खर्च तुमचा, पॅटर्न मात्र आमच्याकडे राहील." दुभाष्या जपानी उत्तम बोलणारा होता, पण मोल्डिंग शॉप त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने शब्द तसाच 'पातान' म्हणून पुढे दिला. रोजच्या जपानीत 'पातान' म्हणजे प्रकार, पद्धत. समोरच्यांना वाटलं, खर्चाचा एखादा वेगळा पर्याय सुचवताहेत. त्यांनी मान डोलावली आणि विषय पुढे गेला. बैठकीच्या टिपणात पॅटर्नच्या खर्चाची ओळच आली नाही. तीन महिन्यांनी पॅटर्नचं बिल गेलं तेव्हा उत्तर आलं, की असं काही ठरल्याची आमच्याकडे नोंद नाही. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या.

यादीत एक ओळ असती तर हे टळलं असतं. लाकडी पॅटर्नला जपानीत 'किगाता' म्हणतात. धातूच्या पॅटर्नला बहुधा 'कानागाता' म्हणतात, पण तोच शब्द डायलाही चालतो. म्हणून शेजारी 'वाळूचा साचा बनवण्यासाठी, अ‍ॅल्युमिनियमचा, दोन भागांत' इतकं लिहावंच लागतं. कोअरला 'नाकागो' म्हणतात. 'कोआ' म्हटलं तर ऐकणाऱ्याला गाभा एवढाच अर्थ कळतो, कास्टिंगच्या आतली पोकळी धरणारा वाळूचा तुकडा डोळ्यासमोर येत नाही.

आणखी दोन शब्द कायम वर ठळक करून ठेवावेत. पहिला 'क्लेम'. आपल्याकडे क्लेम म्हणजे भरपाईचे पैसे. जपानीत 'कुरेमु' म्हणजे तक्रार, मग पैसे मागितलेले असोत वा नसोत. "वर्षात दोन क्लेम आले" याचा अर्थ आपण 'दोनदा पैसे गेले' असा लावतो, ते 'दोनदा तक्रार केली' म्हणताहेत. दुसरा 'सर्व्हिस'. जपानी दुकानात 'साबिसु' म्हणजे फुकट दिलेली वस्तू. "माल पोचल्यावर आम्ही सर्व्हिस देऊ" हे वाक्य शब्दशः गेलं, तर मोफत दुरुस्तीचं वचन दिल्यासारखं ऐकू जातं. यादीत 'सर्व्हिस' पुढे लिहावं: माल पोचल्यानंतरची तांत्रिक मदत, विनामूल्य नाही, दर वेगळा ठरेल.

ओळ कशी लिहायची? चार रकाने पुरतात. पहिल्यात मालकाच्या तोंडून निघतो तो शब्द, जसाच्या तसा. दुसऱ्यात आपल्या कारखान्यात त्याचा अर्थ, एका ओळीत. तिसऱ्यात जपानी शब्द, जो दुभाष्या स्वतः भरेल. चौथ्यात आकडा, एकक किंवा ड्रॉइंगवरचा क्रमांक. तिसरा रकाना आपण भरून देऊ नये. शब्दकोशातून उचललेला शब्द चुकीचा निघाला, तर दुभाष्या तुमच्यावर विश्वास ठेवून तोच वापरतो. तो रकाना त्याने भरला की त्याला काय कळलं नाही हेही लगेच दिसतं. तिथे प्रश्नचिन्ह आलं की फोन करावा.

शुद्ध मराठी लिहून मोकळं होणं

'ओतीव भाग', 'अस्वीकृती दर', 'अग्रिम रक्कम'. हे शब्द मालक बैठकीत उच्चारणार नाहीत. ते म्हणणार 'माल', 'रिजेक्शन', 'अ‍ॅडव्हान्स'. यादी ही कानाला ऐकू येणाऱ्या शब्दांची हवी. मालक गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत असतील तेव्हा दहा मिनिटं शेजारी बसून शब्द टिपावेत, यादी त्यातूनच होते.

यात 'रिजेक्शन' या एका शब्दाच्या दोन ओळी करायच्या: आपल्याच कारखान्यात बाजूला काढलेला माल आणि गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल. "आमचं रिजेक्शन चार टक्के" असं मालक सहज म्हणतात तेव्हा ते पहिल्याबद्दल बोलत असतात. समोरच्याने दुसरं ऐकलं तर बोलणी तिथेच थंड होतात, कारण परत आलेल्या मालाचा हिशेब ते दहा लाखांत किती नग, असा करतात. दोषांचंही तसंच. ब्लो होल वायूमुळे होतो, श्रिंकेज धातू आकसताना पुरेसा वितळलेला रस न मिळाल्याने होतं, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. जपानीत श्रिंकेजच्या पोकळीला 'हिकेसु' म्हणतात. यादीत दोन्ही दोषांचे फोटो चिकटवले की दुभाष्याला अर्थ समजावत बसावं लागत नाही.

कोटीला ओकु समजणं

आकड्यांचा तक्ता यादीत नसतोच, कारण दुभाष्याला आकडे येतात असं सगळे धरून चालतात. येतातही, पण दुपारी तीन वाजता, चौथ्या तासाला, ते चुकतात. कारण साधं आहे. आपण हजारानंतर लाख आणि कोटी मोजतो, जपानी लोक दहा हजाराचा 'मान' आणि दहा कोटींचा 'ओकु' मोजतात. डोक्यात 'मोठा आकडा' म्हणून कोटी आणि ओकु यांची जोडी जुळते, आणि रक्कम एकदम दसपट होते.

"नव्या मोल्डिंग लाइनला साडेतीन कोटी घातलेत" हे 'साडेतीन ओकु' म्हणून गेलं, तर समोरच्याने पस्तीस कोटी ऐकले. त्यावरून तो आपली क्षमता ठरवणार, किंवा आपण फुगवून सांगतोय असं मनात धरणार. विचारणार मात्र नाही. चूक झालीय हे ओळखायची एकच खूण असते: त्यानंतरचा त्यांचा प्रश्न रकमेशी जुळत नाही.

हा तक्ता यादीच्या पहिल्या पानावर वरच छापावा, मोठ्या अक्षरात:

१० हजार = १ मान
१ लाख = १० मान
१० लाख = १०० मान
१ कोटी = १००० मान
१० कोटी = १ ओकु

त्याखाली या बैठकीत येणारे खरे आकडे आधीच फोडून ठेवावेत. पावणेदोन लाख म्हणजे १,७५,००० म्हणजे साडेसतरा मान. साडेतीन कोटी म्हणजे ३५०० मान. दीड, अडीच, सव्वा, पावणे हे शब्द मालकांना बंद करायला सांगू नका, ते ऐकणार नाहीत. आकडे फोडून ठेवणं सोपं. प्रत्येक रकमेपुढे रुपये की येन हेही लिहावं. आणि बैठकीत ठरलेला प्रत्येक आकडा सगळ्या शून्यांसह फळ्यावर लिहायचा, स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी. ३,५०,००,००० ही आपली मांडणी त्यांच्या डोळ्याला अडखळवते.

दर लिहिला, पण कशावर ते नाही

कास्टिंगचा दर आपल्याकडे किलोवर बोलतात. पण कोणतं वजन? समजा कच्चं कास्टिंग १२ किलोचं, मशिनिंग झाल्यावर ९ किलोचं. किलोला १२० रुपये धरले तर एका नगाचे १४४० किंवा १०८०. फरक ३६० रुपयांचा, आणि महिन्याला अडीच हजार नग असतील तर ९ लाखांचा. म्हणून यादीत नुसतं 'वजन' लिहून भागत नाही. 'कास्टिंग वजन' आणि 'मशिन केलेलं वजन' अशा दोन ओळी, चौथ्या रकान्यात किलो.

पेमेंटचंही तसंच. "साठ दिवसांचं क्रेडिट" म्हटलं की आपण बिलाच्या तारखेपासून मोजतो. जपानी कंपन्यांमध्ये माल तपासून स्वीकारला जातो, त्या टप्प्याला 'केन्शू' म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी महिनाअखेर हिशेब बंद करून पुढच्या महिनाअखेर पैसे देण्याची रीत असते. या रीतीने ३ जूनला स्वीकारलेल्या मालाचे पैसे ३१ जुलैला, म्हणजे ५८ दिवसांनी येतात. २९ जूनला स्वीकारलेल्याचेही ३१ जुलैलाच, म्हणजे ३२ दिवसांनी. त्यात समुद्रप्रवासाचे आठवडे वेगळे. 'क्रेडिट' या ओळीत दिवस कुठून मोजायचे हे लिहिलं नसेल, तर ती ओळ कोरी असल्यासारखीच आहे.

'वर्षअखेर' हा शब्द यादीत लाल करा. आपल्याला मार्च म्हणायचं असतं. जपानचंही आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्चच, पण 'नेनमात्सु' म्हणजे डिसेंबर आणि 'नेंदोमात्सु' म्हणजे मार्च. सरळ '३१ मार्च' म्हणावं.

'बघू' आणि 'करून टाकू'

हे शब्द यादीत कुणीच घालत नाही. "बघू" हा होकार आहे, नकार आहे, की संध्याकाळी भावाशी बोलून सांगतो असा अर्थ आहे? मालकांना विचारून लिहून ठेवावं. पलीकडूनही असंच येतं. 'मुझुकाशी', म्हणजे 'अवघड आहे', हा बहुतेक वेळा नकार असतो. 'केन्तो शिमासु', म्हणजे 'विचार करतो', यातही होकार धरून चालू नये. यादीच्या शेवटी एक सूचना असावी: असे शब्द आले तर दुभाष्याने शब्दशः सांगावं, स्वतःचा अंदाज हळू आवाजात वेगळा सांगावा, दोन्ही मिसळू नयेत.

उरलेलं थोडक्यात. यादी पाच ते सात दिवस आधी, सोबत ड्रॉइंग आणि एक जुनं कोटेशन. दोन पानं, चाळीस ते साठ ओळी, त्याहून जास्त कुणी बैठकीत शोधत नाही. शब्द वर्णानुक्रमे न लावता बैठकीच्या क्रमाने: माल, दर्जा, दर, पेमेंट, तारखा. येणाऱ्यांची नावं देवनागरीत, उच्चारासह. पंधरा मिनिटांत इंटरनेटवरून उचललेली यादी पाठवायची असेल तर न पाठवलेली बरी, कारण दुभाष्या मग स्वतःची तयारीही करत नाही.

आणि आपला शेवटचा दर, ज्याखाली जायचं नाही तो, यादीत कधीही लिहू नये. यादी टेबलावर उघडी पडते, जेवायला उठताना तिथेच राहते. खरेदीदारांसोबत येणाऱ्या माणसांत देवनागरी वाचणारा एखादा असू शकतो.