आय-क्रीम घेण्याआधी आरशासमोर दोन मिनिटं

डोळ्यांखालच्या काळेपणासाठी महागडी क्रीम आणायची आणि दोन महिन्यांनी फरक शून्य, असं होत असेल तर आधी हे बघा.

१. दिवसा खिडकीकडे तोंड करून आरसा धरा आणि हनुवटी वर उचला. काळेपणा बराचसा नाहीसा झाला, तर ती खळगीची सावली आहे. क्रीमने खळगी भरत नाही, पैसे वाचवा.

२. खालची त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणा. तपकिरी रंग तसाच राहिला तर ते रंगद्रव्य. इथे व्हिटॅमिन सी किंवा नायसिनामाइडची क्रीम आणि रोज सनस्क्रीन लावून काळेपणा थोडा उजळतो, पण दोन-तीन महिने लागतात.

३. ताणल्यावर निळसर-जांभळी झाक वाढली, तर पातळ त्वचेतून रक्तवाहिन्या दिसताहेत. कॅफीनच्या क्रीमने काही तास बरं दिसतं, इतकंच.

माझ्या मावशीचा काळेपणा तपकिरीच होता, पण खरं कारण अ‍ॅलर्जीमुळे सतत डोळे चोळणं. चोळणं थांबेपर्यंत कुठलीच क्रीम उपयोगी पडली नाही.

रेटिनॉल असलेली क्रीम गरोदरपणात टाळा आणि पापणीच्या कडेला लावू नका.