स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजायला लागला तर काय करायचं, आणि का

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या किंवा काखेला रेडिएशनचा शेक दिला की काही बायांचा त्या बाजूचा हात सुजतो, कधी काही महिन्यांत तर कधी चक्क काही वर्षांनी. मग घरचे म्हणतात पाणी साचलंय, पाणी कमी पी, मेडिकलवरून लघवीची गोळी आण. मी फिजिओथेरपी करते, धुळे-जळगावकडच्या अशा पेशंट नेहमी बघते, आणि हे दोन्ही उपाय या सुजेला का चालत नाहीत हे समजलं की बाकीचं सोपं होतं, म्हणून आधी आत काय चालतं ते बघू.

रक्ताच्या सगळ्यात बारीक नळ्यांमधून पाणी सतत बाहेर झिरपत असतं, आणि त्याच्यासोबत थोडं प्रोटीनही. पेशींच्या मधल्या जागेत आलेलं हे प्रोटीन मोठं असतं, ते परत सरळ रक्तात शिरू शकत नाही. ते आणि उरलेलं पाणी उचलायला लिम्फच्या नळ्या असतात. यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, त्यामुळे बाहेरून दाब आला की फट आत उघडते आणि आतून दाब आला की मिटते. वर त्यांना बारीक धाग्यांनी आजूबाजूला बांधलेलं असतं, म्हणजे जागा जरा फुगली की धागे ताणतात आणि फट अजूनच उघडते. आत गेलं की त्या पाण्याचं नाव लिम्फ. पुढच्या नळ्यांना झडपा असतात, नळ्या स्वतः मिनिटाला काही वेळा आवळतात, आणि शेजारचे स्नायू हलले, श्वास खोल घेतला की अजून ढकललं जातं. डाव्या हाताची लिम्फ काखेतल्या गाठींमधून गाळून मानेच्या मुळाशी डावीकडच्या मोठ्या शिरेत पडते, उजव्या हाताची उजवीकडच्या. सगळ्या शरीरातून असं रोज साधारण २ ते ३ लिटर परत रक्तात येतं.

आता खरी गंमत. झिरपणं वाढलं म्हणून लगेच सूज येत नाही. मधल्या जागेत पाणी वाढायला लागलं की लिम्फचा वेग कैक पटींनी वाढू शकतो, आणि हा वाढलेला प्रवाह तिथलं प्रोटीनही धुऊन नेतो. प्रोटीन कमी झालं की पाणी ओढून धरणारंच कमी झालं, त्यामुळे झिरपणं आपोआप आटोक्यात येतं. म्हणून तर रक्ताच्या बारीक नळ्यांमधला दाब बराच वाढेपर्यंत माणसाला सूज दिसतच नाही. काखेतल्या गाठी गेल्या की नेमकं हे धुणं बंद पडतं, काळ्या जमिनीत चर बुजला की पाणी शेतात उभं राहतं तसं. प्रोटीन तिथंच साचतं, पाणी ओढत राहतं, आणि महिनोन्महिने असंच राहिलं तर तिथं चरबी आणि चिवट धागे तयार होतात. लघवीची गोळी पाणी काढेल, प्रोटीन नाही, म्हणून सूज परत येते. आणि पाणी कमी प्यायल्यानं तर काहीच साधत नाही.

पहिलं काम, टेपने मोजा. दोन्ही हातांवर कोपराच्या घडीपासून १० सेंटीमीटर खाली आणि १० सेंटीमीटर वर पेनाने खूण करून घेर लिहून ठेवा, दर वेळी तीच जागा, तीच वेळ, टेप ओढायचा नाही. २ सेंटीमीटरहून जास्त फरक म्हणजे दखल घ्यायची (कामाचा हात तसाही थोडा जाड असतो हे लक्षात ठेवा). हात जड वाटणं, बांगडी घट्ट होणं मात्र टेपच्या आधी कळतं. अमळनेरकडच्या एक अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "हात जड व्हई गया," बाकी दिसायला काही नव्हतं. टेपने वरचा डावा दंड ३१.५ आणि उजवा २८.५ निघाला, म्हणजे ३ चा फरक, तोही मे महिन्यात.

दुसरं, अंगठ्याने दाबून बघा. आठ-दहा सेकंद दाबून सोडलं आणि खड्डा पडला तर अजून पाणी जास्त आहे, हातात घेतलेला उपाय लवकर लागू पडतो. खड्डा पडत नाही, कातडी चिवट, आणि बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरता येत नाही, तर धागे झालेत, मग वेळ लागतो. अक्कांना खड्डा पडत होता.

मग बँडेज. साधं ताणणारं क्रेप नाही, कमी ताणणारं खास बँडेज लागतं, आणि ते शिकलेल्या माणसाकडूनच बांधून शिकायचं, कारण बोटापासून वर जाताना दाब कमी कमी होत जायला हवा, वर आवळलं तर खाली उलट फुगेल. हे बँडेज आराम करताना फार दाबत नाही, पण स्नायू फुगला की त्याला मागे हटायला जागा नसते, आणि तो दाब आतल्या नळ्यांवर जातो. म्हणून बँडेज बांधून बसून राहिलात तर निम्मं काम वाया, त्यात मूठ उघड-मीट, कोपर वाकवणं, खांदा फिरवणं असं हळूहळू रोज करायचंच. बोटं निळी किंवा बधिर झाली तर लगेच सोडा. सूज उतरली की हाताला दाब देणारी मापाची बाही, अक्कांचं तसंच झालं, बँडेजच्या काळात दंड ३१.५ वरून २९.५ वर आला आणि मग बाही.

मालिशचं थोडं सांगते, कारण इथं चूक सर्रास होते. तेल लावून जोरात रगडायचं नाही, लिम्फच्या बारीक नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात, जोर लावला तर त्या दबतात आणि रक्त वाढून झिरपणंच वाढतं. हलका हात, कातडी सरकेल इतकाच, आणि आधी मान आणि दुसऱ्या बाजूची काख, मग छाती, मग दंड, शेवटी बोटं. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागून ढकलून उपयोग काय?

आपल्याकडची उन्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे. जळगावात पारा ४४-४५ ला गेला की कातडीतल्या नळ्या फुगतात, झिरपणं वाढतं, आणि ज्या हातात परतीचा रस्ताच अरुंद आहे तिथं सूज एप्रिल-मे मध्ये हमखास वाढते. भर उन्हात शेतात, भाकरी थापताना चुलीजवळ खूप वेळ, कडक गरम पाण्यात हात, हे टाळता येईल तेवढं टाळा. बाही घामाने भिजते म्हणून बाया काढून ठेवतात, मी म्हणते दोन बाह्या ठेवा, एक धुवायला.

कापूस वेचताना बोंडाचे काटे लागतात, तिथं खरी भीती आहे. साचलेल्या प्रोटीनच्या पाण्यात जंतू वेगाने वाढतात आणि गाठी नसल्याने अडवणारंही कमी. हातमोजे घाला, ओरखडा साबण-पाण्याने धुवा, कातडी कोरडी पडू देऊ नका. हात लाल, गरम, दुखरा झाला आणि थंडी वाजून ताप आला तर बँडेज काढा, मालिश बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, अँटिबायोटिक लागतं. प्रत्येक असा झटका उरलेल्या नळ्याही खराब करतो, पुढच्या वेळी सूज जास्त राहते.

आणि हे सगळं फक्त गाठी काढलेल्या किंवा शेक दिलेल्या हातापुरतं आहे. दोन्ही पाय सुजले तर हृदय, किडनी, लिव्हर आधी तपासा. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखली तर रक्ताची गुठळी असू शकते, तिथं चोळायचं बिलकुल नाही. तसंच ऑपरेशनच्या बाजूचा हात चार-दोन दिवसांत झपाट्याने फुगला, काखेत नवी कडक गाठ लागली किंवा बोटांतली ताकद गेली, तर माझ्याकडे बँडेज बांधायला येऊ नका, आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला दाखवा.