कॅमेरा वायफायला जोडत नाही? पासवर्डला दोष देण्याआधी या चुका टाळा

सांगलीला मावशीकडे गेलो, तेव्हा काकांनी फाटकाकडे तोंड करून लावायचा वायफाय कॅमेरा परत खोक्यात घालून ठेवला होता. "फॉल्टी पीस आलाय. तीन दिवस झाले, शेवटच्या टप्प्यावर येतो आणि फेल म्हणतो." मी विचारलं, राउटर कधी बदलला? ते म्हणाले, "गेल्या महिन्यात. फायबर घेतलं ना, त्यांनीच नवीन डबा लावून दिला." पीस फॉल्टी नसावा, असा संशय मला तिथेच आला.

घरगुती वापराचे बहुतेक स्वस्त वायफाय कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यावर, चालतात. ५ गिगाहर्ट्‌झचा रेडिओच त्यांच्यात नसतो. खोक्यावर कुठेतरी बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं. नवे राउटर मात्र दोन्ही बँड सोडतात, आणि त्यातले बरेच ते एकाच नावाखाली सोडतात. मावशीकडे ते नाव होतं `Gulmohar`. फोनच्या यादीत एकच ओळ दिसते. हवेत मात्र त्याच नावाची दोन वेगळी जाळी असतात, आणि कोणतं उपकरण कोणत्या जाळ्यात जाईल हे फोन आणि राउटर आपसात ठरवतात. फोन राउटरजवळ असला की सहसा ५ वर जातो, कारण तिथे वेग जास्त मिळतो.

दोन्ही बँडना एकच नाव असणं हा मुळात दोष नव्हे, हे इथेच सांगून टाकतो. कॅमेऱ्याला ५ वालं `Gulmohar` दिसतच नाही, त्याला २.४ वालंच दिसतं. मग अडतं कुठे? दोन ठिकाणी अडतं, आणि ती दोन ठिकाणं न ओळखता खटपट करत राहणं हीच पहिली चूक.

पहिलं ठिकाण म्हणजे तुमचा फोन. काही कॅमेरे जोडताना फोन विचित्र मार्गाने पासवर्ड सांगतो. कॅमेरा अजून नेटवर्कमध्ये नसतो, त्यामुळे वायफायवरचा कुलूपबंद मजकूर त्याला वाचता येत नाही. पण पाकिटातलं पत्र वाचता आलं नाही तरी पाकीट किती जाड आहे ते बाहेरून कळतं. अ‍ॅप हेच करतं. ठरावीक लांबीची पाकिटं एकामागून एक सोडतं, आणि कॅमेरा नुसती लांबी मोजून त्यातून नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड जुळवतो. आता फोन ५ वर असेल तर ही पाकिटं कॅमेऱ्याच्या कानावर थेट पडतच नाहीत. राउटरने ती २.४ वर पुन्हा पाठवली तरच काही ऐकू येणार. म्हणून हा प्रकार कधी जमतो आणि कधी नाही. "काल शेजारच्या घरात एका झटक्यात झालं" असं लोक सांगतात ते खोटं नसतं.

क्यूआर कोड कॅमेऱ्यापुढे धरायची पद्धत याहून बरी, कारण त्यात नाव आणि पासवर्ड चित्रातून जातो. पण तिथेही गोम आहे. काही अ‍ॅप त्या कोडमध्ये फोन ज्या रेडिओला जोडलेला आहे त्याचा हार्डवेअर पत्ताही भरतात. फोन ५ वर असेल तर तो ५ च्या रेडिओचा पत्ता, आणि कॅमेरा बिचारा तोच शोधत बसतो.

दुसरं ठिकाण म्हणजे राउटर. एकाच नावाखाली दोन बँड ठेवणारे बरेच राउटर उपकरणांना ५ कडे ढकलायचा प्रयत्न करतात. सेटिंगमध्ये याला `Band Steering` किंवा `Smart Connect` म्हणतात. ढकलायची एक युक्ती अशी, की उपकरणाने २.४ वर हाक मारली तर राउटर सुरुवातीला मुद्दाम ओ देत नाही. फोन मग ५ वर हाक मारून बघतो आणि काम होतं. कॅमेऱ्याकडे दुसरा पर्यायच नसतो. तो चार हाका मारतो, उत्तर येत नाही, आणि "वायफाय जोडता आलं नाही" असं बाईच्या आवाजात बोलून मोकळा होतो. चांगल्या राउटरला हे उपकरण २.४ वालंच आहे असं उमगतं, पण सगळेच राउटर इतके हुशार नसतात.

काकांनी केलेली दुसरी चूक सगळेच करतात: रिसेट. बटण पाच-दहा सेकंद दाबायचं, दिवा पुन्हा लुकलुकू लागला की तीच पायरी तशीच करायची. त्यांनी पंधरा-वीस वेळा केलं असेल. शिवाय मध्येच जुना क्यूआर कोड पुन्हा दाखवला. तो काही मिनिटांतच बाद होतो, त्यामुळे बँडचा घोळ सुटला असता तरी त्या कोडवर जोडणी झाली नसती. प्रत्येक प्रयत्नाला नवा कोड काढावा लागतो.

रिसेट करण्याआधी बघायचं ते हे. अँड्रॉइड फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर किंवा शेजारच्या चाकावर टिचकी मारली की बऱ्याच फोनवर `Frequency` दिसतं. तिथे ५ दिसलं की अर्धं कोडं सुटलं. मग कॅमेऱ्याकडे लक्ष द्या. कोड वाचल्यावर त्याने बीप केलं का? बीपच नसेल तर अडचण उजेडाची, अंतराची किंवा फोनच्या काळोख्या स्क्रीनची आहे, बँडची नाही. बीप होऊन नंतर फेल झालं, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा; ते पान कसं उघडायचं ते पुढे येतंच. कॅमेरा यादीत आलाच नसेल तर तो दारातच अडला आहे. यादीत आला, त्याला आयपी पत्ताही मिळाला, आणि तरी अ‍ॅप ऑफलाइन म्हणत असेल, तर बँडच्या मागे लागू नका. तिथे इंटरनेट किंवा अ‍ॅपचं खातं तपासा.

मावशीकडे फोन ५ वर होता, बीप होत होता, आणि यादीत कॅमेरा नव्हता. राउटरच्या पोटावरच्या लेबलवर पत्ता आणि लॉगिन छापलेलं होतं. राउटरला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला:

```
http://192.168.1.1
```

काही राउटरना `192.168.0.1` लागतं, म्हणून लेबल बघूनच टाका. वायफायच्या पानावर `Band Steering` सुरू होतं. ते बंद केल्यावर दोन्ही बँडचे रकाने वेगळे झाले.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक यापुढे होते. लोक उत्साहाने २.४ ला नवं नाव देतात, `Gulmohar_2.4` वगैरे, आणि जुनं नाव ५ वर राहू देतात. झालं! घरातला जुना प्रिंटर, स्मार्ट प्लग, वरच्या मजल्यावरचा टीव्ही, जे जे २.४ वर होतं ते सगळं एका फटक्यात तुटतं, कारण ती उपकरणं जुनं नाव शोधत असतात. म्हणून उलट करा. जुनं नाव २.४ कडे ठेवा आणि ५ ला नवं द्या. आम्ही २.४ चं `Gulmohar` तसंच ठेवलं आणि ५ ला `Gulmohar_5G` केलं. त्यावर मावशीचा प्रश्न, "अरे, म्हणजे आता फाइव्ह-जीचा रिचार्ज मारायचा का?" नाही. हा ५ गिगाहर्ट्‌झ आहे, मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही.

त्याच पानावर २.४ च्या रकान्यात आणखी एक गोष्ट बघितली: सुरक्षेचा प्रकार. तिथे फक्त `WPA3` निवडलेलं असेल तर जुन्या चिपचे कॅमेरे बँड वेगळे करूनही जोडत नाहीत. `WPA2-PSK` ठेवा. चॅनेल आपोआप असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा, कारण काही कॅमेरे १२ आणि १३ ऐकतच नाहीत. सेव्ह केल्यावर वायफाय मिनिटभर गेलं. फोन `Gulmohar` ला जोडून `Frequency` मध्ये २.४ आलंय याची खात्री केली, कॅमेरा रिसेट केला, नवा कोड काढला. पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला.

कंपनीने लावून दिलेल्या काही डब्यांवर हे पान कुलूपबंद असतं. मग कस्टमर केअरला "नेट स्लो आहे" असं मोघम सांगू नका. "दोन्ही बँडची नावं वेगळी करून द्या, २.४ चं नाव जुनंच ठेवा" असं नेमकं सांगा. पुष्कळदा ते तिथे बसल्या बसल्या बदलून देतात.

तोवर थांबायचं नसेल तर दोन जुगाड आहेत. एक म्हणजे फोन आणि कॅमेरा घेऊन राउटरपासून लांब जायचं, मध्ये दोन-तीन भिंती येतील इतकं. ५ चा सिग्नल भिंतींत लवकर मरतो, त्यामुळे फोन आपसूक २.४ वर उतरतो. परसदारी जाऊन जोडणी केलेले लोक मला माहीत आहेत. दुसरा जुगाड म्हणजे राउटर बंद करून दुसऱ्या एका फोनवर २.४ चा हॉटस्पॉट लावायचा, नाव आणि पासवर्ड घरच्यासारखाच, अक्षरांच्या लहान-मोठेपणासकट. आयफोनवर त्यासाठी `Maximize Compatibility` सुरू करावं लागतं, आणि हॉटस्पॉटचं नाव फोनच्याच नावावरून येतं, तेव्हा तेही बदला. कॅमेरा त्यावर जोडला की हॉटस्पॉट बंद करा आणि राउटर लावा. तो तेच नाव शोधत घरच्या नेटवर्कवर येतो. पण हे दोन्ही जुगाड फोनच्या बाजूची अडचण सोडवतात. राउटरच ओ देत नसेल तर कॅमेरा परतल्यावर पुन्हा अडेल. तसं झालं तर एक गोष्ट नक्की कळते: कॅमेरा धडधाकट आहे, दोष राउटरच्या सेटिंगचा आहे.

गेस्ट नेटवर्क २.४ वर लावून त्यात कॅमेरा घालणं हाही एक मार्ग सुचवला जातो. तो अर्धाच चालतो. गेस्टमधली उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे पाकिटांच्या लांबीवाली जोडणी तिथे फसू शकते. क्यूआरने जोडलं तर अ‍ॅपमध्ये चित्र दिसेल, पण घरातल्या रेकॉर्डरला तो कॅमेरा सापडणार नाही.

जोडणी झाल्यावर फोन खुशाल `Gulmohar_5G` वर न्या. कॅमेरा २.४ वर आणि फोन ५ वर असला तरी दोघे एकाच राउटरखाली असतात, चित्र व्यवस्थित दिसतं. `Band Steering` मात्र मावशीकडे मी पुन्हा सुरू केलं नाही. तिथे वीज जाते, राउटर दर दोन दिवसांनी नव्याने सुरू होतो, आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याला दारात नव्याने हाका माराव्या लागल्या असत्या.