प्रत्येक परिच्छेद आडनावानेच सुरू होतोय? पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात या चुका टाळा

लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण हातात आलं, की मी आधी प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचते. 'बाउमायस्टर व इतर (१९९८) यांनी...', 'हॅगर व इतर (२०१०) यांनी...' अशी रांग दिसली, तर ती अभ्यासांची यादी झाली, आढावा नव्हे. खात्री करायची तर परिच्छेदांची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर त्यांना जोडणारा मुद्दा मुळात नव्हताच.

'इगो डिप्लीशन' हा विषय घेऊ. एकदा मनाला आवर घातला की पुढच्या कामासाठी आत्मनियंत्रण कमी पडतं, अशी ही कल्पना. १९९८च्या प्रयोगात चॉकलेट समोर असताना नुसता मुळा खावा लागलेल्यांनी न सुटणारं कोडं सुमारे ८ मिनिटांत सोडून दिलं. चॉकलेट खाल्लेले सुमारे १९ मिनिटं झटत राहिले. २०१०च्या मेटा-विश्लेषणात परिणाम मध्यम आकाराचा दिसला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी एकच ठरलेली पद्धत वापरली, तेव्हा तो जवळजवळ शून्यावर आला. हे वर्षांच्या क्रमाने मांडलं, तर वाचकाला नुसती उलटापालट दिसते.

त्याऐवजी एक्सेलमध्ये तक्ता करा. प्रत्येक ओळीत एक अभ्यास, आणि रकाने असे: सहभागी कोण, थकवणारं काम कोणतं, नंतर काय मोजलं, निष्कर्ष, लेखकांनी सांगितलेलं कारण. मग ओळी आडव्या वाचू नका, रकाने वरून खाली वाचा. कामाच्या रकान्यातच एक मुद्दा सापडतो: २०१६च्या संगणकावरच्या कामाने सहभागी खरंच थकले का, यावर बाउमायस्टर आणि व्होज यांनी आक्षेप घेतला होता. आता परिच्छेदाचं पहिलं वाक्य असं लिहिता येईल: 'परिणाम दिसतो की नाही हा वाद बराचसा थकवणारं काम कोणतं निवडलं, याभोवती फिरतो.' आडनावं कंसात जातील.

दुसरी चूक मला जास्त सलते. 'भारतीय संशोधन' आणि 'परदेशी संशोधन' अशी शीर्षकं दिली जातात. ती जागेनुसार केलेली वाटणी आहे, तिच्यात मुद्दा नसतो. २०१७ मध्ये सवानी आणि जॉब यांना भारतीय सहभागींमध्ये उलटाच परिणाम आढळला: आधी कष्टाचं काम केल्यावर पुढची कामगिरी सुधारली. 'भारतीय' खणात हा अभ्यास एकटा पडतो. त्याची खरी जागा जॉब, ड्वेक आणि वॉल्टन (२०१०) यांच्या शेजारी आहे. इच्छाशक्ती मर्यादित असते असं मानणाऱ्यांमध्येच घसरण दिसते, असं त्यांना आढळलं होतं. मेंदूच्या कष्टाने तरतरी येते अशी समजूत असेल तर काय होतं, हे सवानी आणि जॉब दाखवतात. दोन्ही मिळून 'समजुतींची भूमिका' हा मुद्दा उभा राहतो.

एकच अभ्यास दोन मुद्द्यांखाली आला तरी चालतं. फक्त पद्धतीचा तपशील पहिल्या वेळी द्या. दुसऱ्या वेळी त्या मुद्द्यापुरता निष्कर्ष पुरतो.