एकच चार्ज, दोन व्होल्टेज: एलएफपी आणि सिलिकॉन-ग्रॅफाइट सेल मोजताना या चुका टाळा

लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपीचा सेल खालून चार्ज करत ५० टक्क्यांवर आणा आणि तीन तास मोकळा ठेवा. टर्मिनलवर ३.३०२ व्होल्ट दिसतील. तोच सेल वरून डिस्चार्ज करत ५० टक्क्यांवर आणा, पुन्हा तीन तास ठेवा, तर ३.२८८ दिसतील. सेलगणिक आकडे थोडे बदलतात, पण दहा-वीस मिलीव्होल्टचा हा फरक राहतोच आणि कितीही थांबलं तरी मिटत नाही. यालाच हिस्टेरिसिस म्हणतात. खाली ज्या चुका दिल्या आहेत त्या सगळ्या एकाच गैरसमजातून होतात: व्होल्टेज मोजलं की सेलमध्ये किती चार्ज आहे ते कळतं, असं लोक धरून चालतात. या दोन प्रकारच्या सेलमध्ये व्होल्टेजवर चार्जच्या प्रमाणाइतकाच तो तिथवर कोणत्या बाजूने आला याचाही परिणाम असतो.

चूक पहिली: एकाच तक्त्यावर भिस्त ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं, म्हणून जरा सविस्तर बघू.

१६ सेलचा १०० अँपिअर-तासांचा एलएफपी पॅक घ्या. बीएमएस, म्हणजे पॅकवर देखरेख ठेवणारं सर्किट, आत-बाहेर जाणारा करंट मोजून टक्केवारी दाखवतो आणि पॅक दोन तास शांत राहिला की व्होल्टेज तक्त्यात शोधून ती टक्केवारी 'सुधारतो'. तक्ता मात्र फक्त डिस्चार्ज करताना बनवलेला आहे. त्यात ५० टक्क्यांना ३.२८८, ६० टक्क्यांना ३.२९४ आणि ६५ टक्क्यांना ३.३१० असे आकडे आहेत.

पॅक २० टक्क्यांवरून ५० पर्यंत चार्ज केला आणि थांबवला. दोन तासांनी व्होल्टेज ३.३०२ आहे. तक्ता म्हणतो, हे तर ६२ टक्के. स्क्रीनवरचा आकडा उभ्या उभ्या ५० वरून ६२ वर जातो. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण वाढलेला चार्ज कुणाला खुपत नाही. मग लोड लागतो, ३० अँपिअर-तास वापरले जातात, स्क्रीनवर ३२ टक्के उरतात. प्रत्यक्षात २० आहेत. पॅक पुन्हा दोन तास शांत राहतो. या वेळी तो डिस्चार्जच्या बाजूने आलेला असल्यामुळे तक्ता बरोबर उत्तर देतो आणि आकडा ३२ वरून थेट २० वर पडतो.

आता मात्र तक्रार येते: 'पॅक बंद असताना १२ टक्के चार्ज गेला.' पुढचा प्रवास ठरलेला आहे. सेल्फ-डिस्चार्जचा संशय, मग सेल खराब असल्याचा निष्कर्ष, मग नवे सेल. निदान दोन मिनिटं कागदावर हिशोब करायचा होता. दोन तासांत १२ अँपिअर-तास गळायचे तर प्रत्येक सेलमध्ये सतत ६ अँपिअरची गळती हवी. ३.३ व्होल्टला ती सुमारे २० वॅट होते, आणि सोळा सेल मिळून तीनशे वॅटच्या वर. एवढी उष्णता पॅकवर हात ठेवताच कळली असती. पॅक गार असेल तर चार्ज कुठेही गेलेला नाही, फक्त आकडा चुकला आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. विश्रांतीनंतरची उडी चार्जनंतर वर आणि डिस्चार्जनंतर खाली जात असेल, तर दोष हिस्टेरिसिस न धरणाऱ्या तक्त्याचा. उडी कायम एकाच दिशेने असेल तर करंट सेन्सरचा शून्यबिंदू सरकलेला असतो. ५० मिलिअँपिअरची चूकसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-तास गोळा करते.

माझी पद्धत अशी: एलएफपीमध्ये साधारण २० ते ९० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात व्होल्टेजवरून टक्केवारीला हात लावायचाच नाही. तिथे करंटच्या मोजणीवर विश्वास ठेवायचा. दुरुस्ती टोकांना करायची: सेल ३.४५ व्होल्टच्या वर असताना करंट उतरत ०.०५ सीवर, म्हणजे इथे ५ अँपिअरवर आला, की १०० टक्के धरायचे. मधल्या पट्ट्यात व्होल्टेज वापरायचंच असेल, तर चढता आणि उतरता असे दोन तक्ते हवेत.

चूक दुसरी: दोन तक्ते बनवताना घाई

दोन्ही तक्ते नीट बनवायला पाच दिवस लागतात, आणि पळवाटा सुरू होतात त्या इथेच. १०० अँपिअर-तासांचा सेल २५ अंशांना पूर्ण भरा, मग सी/२० ने, म्हणजे ५ अँपिअरने, ५ टक्के काढा. त्याला एक तास लागतो. मग दोन तास थांबा, व्होल्टेज लिहा, पुढची पायरी घ्या. वीस पायऱ्यांचे ६० तास. रिकाम्या टोकापासून वर येताना आणखी ६०. वर येताना सुरुवात त्याच 'रिकाम्या'पासून झाली पाहिजे, नाहीतर दोन्ही तक्त्यांचे टक्के एकमेकांशी जुळत नाहीत आणि सरकलेला अक्षच हिस्टेरिसिस म्हणून लिहिला जातो.

दोन तासांऐवजी दहा मिनिटं थांबलात तर सेल अजून निवत असतो. त्या वेळी दिसणाऱ्या फरकात हिस्टेरिसिसबरोबर विरत जाणारं ध्रुवीकरणही असतं, आणि दोन्ही एका आकड्यात अडकतात. दुसरी आवडती पळवाट म्हणजे न थांबता सी/२० ने एक चार्ज, एक डिस्चार्ज घेऊन दोन रेषांची सरासरी काढणं. सरासरीने फरक झाकला जातो, आणि नेमका तोच तर मोजायचा होता. एवढीच घाई असेल तर मधल्या पट्ट्याची दुरुस्ती बंद ठेवा. तक्ता नसणं चुकीच्या तक्त्यापेक्षा बरं.

संशय दूर करायचा असेल तर एक छोटी चाचणी आहे. खालून ५० टक्क्यांवर या, तीन तास थांबा, वाचा. मग २० अँपिअर-तास भरा, तेवढेच काढा, पुन्हा तीन तास थांबा, वाचा. व्होल्टेज पहिल्या आणि तिसऱ्या तासाला दोन्ही वेळा लिहा. दोन वाचनांमधलं अंतर तासागणिक झपाट्याने आटत असेल तर ते ध्रुवीकरण. दहा मिलीव्होल्टच्या वर टिकून राहिलं तर हिस्टेरिसिस.

हे होतं तरी का

एलएफपीच्या इलेक्ट्रोडमध्ये असंख्य बारीक कण असतात आणि कणाला अर्धवट भरलेलं राहणं मानवत नाही. तो जवळजवळ भरलेला तरी असतो, नाहीतर जवळजवळ रिकामा. एका अवस्थेतून दुसरीत जायला त्याला उंबरठा ओलांडावा लागतो, आणि चार्जच्या वेळचा उंबरठा डिस्चार्जच्या वेळच्यापेक्षा थोडा उंच व्होल्टेजला असतो. कण एकामागून एक ओलांडत जातात. करंट थांबला की न ओलांडलेले कण आहेत तिथेच थांबतात, त्यांना परत ढकलणारं काही उरत नाही. म्हणून महिनाभर थांबूनही दोन्ही व्होल्टेज एक होत नाहीत.

चूक तिसरी: दिशा बदलली की लगेच तक्ता बदलणं

दोन तक्ते बनवलेल्यांचं इथे चुकतं. चार्ज चालू असताना क्षणभर डिस्चार्ज झाला म्हणून सेल उतरत्या रेषेवर उडी मारत नाही, तो मधल्या जागेतून हळूहळू सरकतो. त्यासाठी एक साधा हिशोब पुरतो:

```
f = exp(-gamma * abs(dz))
h = f * h + (1 - f) * sign(dz)
V = U_avg(z) + M * h
```

इथे `z` म्हणजे चार्ज, `dz` म्हणजे चार्जमधला बदल (५ टक्के म्हणजे 0.05), `U_avg(z)` म्हणजे त्या चार्जला दोन रेषांची सरासरी, `M` म्हणजे दोन रेषांमधल्या अंतराचं निम्मं, वरच्या सेलसाठी ७ मिलीव्होल्ट. `h` उतरत्या रेषेवर -1 आणि चढत्यावर +1 असतो. `gamma` 20 धरला तर पूर्ण उतरत्या रेषेवरचा सेल ५ टक्के चार्ज केल्यावर `h` सुमारे +0.26 होतो, १५ टक्क्यांनंतर +0.90. तुमच्या सेलचा `gamma` मोजूनच ठरवा. आणि `h` कायमस्वरूपी मेमरीत जपा. बीएमएस रीस्टार्ट झाल्यावर तो शून्यापासून सुरू झाला तर पहिल्या विश्रांतीलाच जुना घोळ परत येतो.

थोडक्यातल्या तीन

साध्या मल्टिमीटरने हिस्टेरिसिस मोजू नका. ०.५ टक्के अचूकतेचा मीटर ३.३ व्होल्टला १६ मिलीव्होल्ट चुकू शकतो, म्हणजे मोजायच्या फरकाएवढाच.

हिस्टेरिसिसला अंतर्गत रोध समजू नका. करंट निम्मा केला की रोधाची घट निम्मी होते, हिस्टेरिसिस जागेवर राहतो.

एलएफपीचं बॅलन्सिंग ३.३ व्होल्टच्या सपाट भागात चालू ठेवू नका. ३.४ च्या वरच चालू करा. खाली ते चार्जऐवजी मिलीव्होल्ट सारखे करत बसतं आणि बसलेली घडीही विस्कटतं.

चूक चौथी: एलएफपीची सवय सिलिकॉनला लावणं

सिलिकॉन-ग्रॅफाइटच्या ॲनोडमध्ये कारण वेगळं आहे आणि जागाही वेगळी. सिलिकॉन लिथियम घेताना तिपटीहून अधिक फुगतो. फुगताना आतला ताण विरोध करतो, आकसताना तो उलटा होतो, आणि त्यामुळे भरताना व रिकामं होताना सिलिकॉनची पातळी एरवी दोन-तीनशे मिलीव्होल्टने वेगळी राहते. मिश्रणात त्यावर आणखी एक गोष्ट घडते. चार्ज करताना आधी मुख्यतः सिलिकॉन लिथियम घेतो, मग ग्रॅफाइटही मोठ्या प्रमाणात घेऊ लागतो. डिस्चार्जला आधी ग्रॅफाइट रिकामं होतं आणि सिलिकॉनचा वाटा शेवटी येतो. म्हणजे ॲनोडमध्ये एकूण लिथियम तेवढंच असूनही ते कुणाकडे आहे हे दोन्ही वेळा वेगळं असतं.

सिलिकॉन थोडाच आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. १०० ग्रॅम मिश्रणात ५ ग्रॅम सिलिकॉन असेल तर ग्रॅमला ३५७९ मिलिअँपिअर-तास धरून त्याचे जवळपास १८ अँपिअर-तास होतात. ९५ ग्रॅम ग्रॅफाइट ग्रॅमला ३७२ प्रमाणे ३५ देतं. वजनात वीसावा हिस्सा असलेला सिलिकॉन कागदावर तरी क्षमतेचा तिसरा हिस्सा आहे. प्रत्यक्षात तो पूर्ण वापरला जात नाही, तरी वाटा मोठाच राहतो.

म्हणूनच निकेलयुक्त कॅथोडच्या अशा सेलमध्ये दोन रेषांमधलं अंतर सगळ्यात जास्त खालच्या टोकाला, साधारण ३० टक्क्यांखाली असतं, आणि वर जाताना ते मिटत जातं. एलएफपीमध्ये २० टक्क्यांखाली दुरुस्ती करायची सवय लागलेला माणूस तीच सवय इथे वापरतो आणि नेमक्या सगळ्यात वाईट जागी व्होल्टेजवर विश्वास ठेवतो. चार्ज करून २० टक्क्यांवर थांबलेला सेल डिस्चार्जच्या तक्त्यात त्याहून बराच भरलेला दिसतो, आणि मग उरलेला चार्ज आहे असं समजून वापरणाऱ्याचं यंत्र अचानक बंद पडतं. या सेलमध्ये दुरुस्ती ६० टक्क्यांच्या वर करा, जिथे ग्रॅफाइटचा भाग चालू असतो आणि कॅथोडमुळे व्होल्टेजला चांगला उतार असतो. विश्रांतीही एलएफपीपेक्षा जास्त द्या, कारण सिलिकॉन कित्येक तास सावकाश सरकत राहतो. आणि सेल जुना झाल्यावर खालच्या टोकाचा तक्ता पुन्हा मोजा: सिलिकॉन ग्रॅफाइटपेक्षा लवकर झिजतो, म्हणून दोन रेषांमधलं ते अंतरही वयानुसार आकसत जातं आणि नव्या सेलचा `M` तिथे जास्त ठरतो.