थंडीत फॅट कमी लागतेय? आधी टेस्ट तपासा

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे दूध केंद्रावर येते तेव्हा ते गार असते, कॅनमध्ये वर साय धरलेली असते आणि टेस्टिंगची खोलीही गारठलेली असते. अशा सकाळी म्हशीच्या दुधाची फॅट दोन-तीन पॉइंटने, म्हणजे 0.2-0.3 ने, कमी लागली की पहिला संशय पाण्यावर जातो. तो घेण्याआधी फॅट मोजायची गर्बर टेस्ट नीट झाली का, हे पाहावे.

सुरुवात नमुन्यापासून. कॅन दांड्याने तळापासून वरपर्यंत ढवळल्याशिवाय नमुना घेऊ नये. वरचेच दूध घेतले तर फॅट जास्त लागते, तळाचे घेतले तर कमी. बाटलीच्या काचेला साय चिकटली असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवून दूध 40 अंशांपर्यंत आणावे, हलक्या हाताने चार-पाच वेळा उलटसुलट करावे आणि साधारण 27 अंशांना आल्यावर पिपेट भरावे. जोरात घुसळू नये. लोण्याचे कण सुटले की तो नमुना बाद.

ब्युटायरोमीटर या खुणा असलेल्या काचेच्या नळीत आधी 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग 10.75 मिली दूध, शेवटी 1 मिली अमाईल अल्कोहोल, हा क्रम बदलायचा नाही. दूध नळीच्या काचेवरून सावकाश सोडावे, म्हणजे ते ॲसिडवर थर धरून राहते. धार सरळ ॲसिडवर पडली तर दूध तिथेच करपते. अल्कोहोल थेट ॲसिडवर पडले तर त्यातून तेलकट पदार्थ तयार होऊन फॅटमध्ये मोजला जाण्याचा धोका असतो.

ॲसिड बाजारातले 98 टक्क्यांचे तसेच वापरायचे नाही. गर्बर टेस्टला सुमारे 90-91 टक्क्यांचे लागते. 27 अंशांना त्याची घनता 1.807 ते 1.812 भरते. तयार गर्बर ॲसिड घेणेच बरे. पातळ करायचेच असेल तर ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. बाटली उघडी राहिली की ॲसिड हवेतला ओलावा ओढते आणि आठवड्याभरापूर्वी बरोबर असलेले ॲसिड कमजोर होते. फॅटच्या कॉलमकडे पाहून हे कळते. चांगल्या टेस्टचा कॉलम पिवळसर, पारदर्शक असतो. त्याच्या बुडाशी काळे कण दिसले तर ॲसिड कडक होते किंवा दूध गरम होते. रंग फिका आणि बुडाशी पांढरट दही दिसले तर ॲसिड कमजोर किंवा कमी पडले, किंवा बूच लावल्यावर नळी पुरती हलवली नाही. या दोन्ही टेस्टचे रीडिंग लिहू नये, टेस्ट पुन्हा लावावी.

बूच लावून नळी फडक्यात धरावी, कारण ती चांगलीच तापते. पांढरे कण पुरते विरघळेपर्यंत उलटसुलट करून लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवावी: बूच बाहेरच्या बाजूला, समोरासमोर जोडीने, नग विषम असतील तर पाणी भरलेली नळी जोडीला. मिनिटाला 1100 फेरे, 5 मिनिटे. हाताच्या मशीनवर घाईत दोन मिनिटांत आटोपले जाते आणि फॅट खालीच अडकते. शंका आली तर रीडिंग घेतलेली नळी पुन्हा गरम करून 5 मिनिटे फिरवावी. आकडा वाढला तर पहिली फेरी अपुरी होती.

थंडीतली मोठी चूक यानंतर होते. मशीनमधून काढलेली नळी बूच खाली करून 65 अंशांच्या पाण्यात 5 मिनिटे उभी ठेवायची असते, आणि पाणी फॅटच्या कॉलमच्या वर हवे. अनेक ठिकाणी ही पायरी गाळली जाते. कॉलम गार झाला की आकसतो आणि आकडा खाली येतो.

हिशेब करून पाहा. दूध खरे 7.0 फॅटचे आहे. पिपेटचे टोक फुटलेले आहे, म्हणून 10.75 ऐवजी 10.5 मिलीच पडते: आकडा 6.85 च्या आत येतो. त्यात वाचन 65 ऐवजी 50 अंशांना झाले की कॉलम साधारण एक टक्क्याने आकसतो आणि आकडा 6.75 च्या आसपास दिसतो. पाण्याचा थेंब नसताना उत्पादकाचे दोन-तीन पॉइंट गेले. पिपेट तपासायला सोपे आहे: त्यातून सोडलेले पाणी काट्यावर सुमारे 10.7 ग्रॅम भरले पाहिजे.

वाचताना बूच किंचित आत-बाहेर करून कॉलमचे बूड एका पूर्ण रेषेवर आणावे, डोळा त्या उंचीवर ठेवावा आणि वरच्या टोकाला दिसणाऱ्या वाटीचे तळ वाचावे. वाटीची कड वाचली तर आकडा फुगतो, आणि मग तोटा संघाच्या माथी.

अल्कोहोलची नवी बाटली उघडली की दुधाऐवजी पाणी घालून एक टेस्ट करावी. वर तेलाचा थर दिसला तर ती बाटली वापरू नये, तिने प्रत्येक नमुन्याची फॅट वाढवून दाखवली असती.

ॲसिड तोंडाने ओढू नये, टिल्ट मेजर वापरावे. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. अंगावर उडाले तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. वापरलेले द्रावण मोरीत तसेच न ओतता भरपूर पाण्यात हळूहळू सोडून चुन्याने मारावे.