बारा सीटची ट्रॅव्हलर घेताय? आधी बारा बॅगा घेऊन जा

पहिली गाडी घेताना मी सगळं बघितलं होतं. इंजिन, ॲव्हरेज, सीटचं कापड, हप्ता. बघायची राहिली ती फक्त डिकी. त्याच मे महिन्यात कराडहून चिपळूणला एक वऱ्हाड न्यायचं होतं, गाडीवर मीच होतो. बारा माणसं झकास बसली आणि मग सामान आलं. बारा बॅगा, आहेराच्या साड्यांच्या दोन पिशव्या आणि रुखवताचा एक भलामोठा खोका. मागचं दार उघडलं तर शेवटच्या सीटच्या पाठीमागे जेमतेम एक हात जागा. खोका मधल्या वाटेत ठेवला, सहा बॅगा टपावर बांधल्या, नवरीच्या आजीने एक सूटकेस चिपळूणपर्यंत मांडीवर धरली. कुंभार्ली घाटात वळवाने गाठलं, ताडपत्री एका कोपऱ्याने फाटली होती, आणि खाली उतरवलेल्या बॅगेतून लाल पाणी ठिबकताना सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं. शालूचा रंग होता तो. भाड्यातून दोन हजार कापले ते सोडा, त्या घरातलं पुढचं लग्न दुसऱ्याने नेलं.

म्हणून पहिली तयारी डिकीची. रंग, म्युझिक सिस्टीम, पडदे हे शोरूमवाला दाखवेलच, त्यात वेळ घालवू नका. 'बारा सीट' म्हणजे गाडीची लांबी ठरली असं समजू नका. तितक्याच सीट आखूड बॉडीतही बसवता येतात आणि लांब बॉडीतही. आखूड बॉडीत सीट वाढवल्या की जागा जाते ती मागची.

हिशोब साधा आहे. तीन दिवसांच्या यात्रेला निघालेल्या माणसाची बॅग साधारण दोन फूट उंच, सोळा इंच रुंद, एक फूट जाड. माझ्या गाडीत मागे आतली रुंदी पाच फूट भरते, म्हणजे शेजारी शेजारी तीन बॅगा उभ्या राहतात. त्यांच्यावर आणखी तीन. फूटभर खोलीत सहा बॅगा झाल्या. बारांना दोन फूट खोली लागते, आणि ती दार बंद केल्यावर. रुखवत, आहेर, यात्रेकरूंचा शिधा आणि शेगडी यांना आणखी फूटभर धरा. तीन फूट नसेल तर ती गाडी लग्नाच्या धंद्याची नाही.

हे माप शेवटची सीट मागे पूर्ण पाडून घ्यायचं. पुशबॅक सीट सरळ असताना डिकी मोठी दिसते. रात्री दोन वाजता मागची रांग पाठ टेकते आणि खाली बॅगा चेपतात, किंवा बॅगांमुळे सीट पडतच नाही आणि पार्टी भांडायला उठते. टेप न्या. खरं तर टेपही नको, घरातल्या, शेजारच्या, मेव्हण्याच्या बारा बॅगा गोळा करून न्या आणि शोरूममध्ये भरून बघा. सेल्समन हसेल. हसू दे. बॅगा सीटच्या पाठीच्या वर जात असतील तर मध्ये जाळी किंवा आडवा पाइप हवाच, नाहीतर घाटात ब्रेक मारला की मागच्या माणसाच्या मानेवर सूटकेस येते.

'टपावर कॅरिअर टाकून देऊ साहेब' असं कोणी म्हणालं तर उठून या. वर वजन चढलं की वळणावर गाडी झुलते, मांडवाच्या कमानीला टप लागतो, आणि आरसीत नोंद नसलेला बदल पासिंगला अडतो. पावसाचं वर सांगितलंच.

मी शेवटी काय केलं? लांब बॉडी घेतली आणि त्यात बाराच सीट बसवून घेतल्या. गाडी महाग पडली, डिझेलही थोडं जास्त खाते. पण सीट कंपनीतूनच तशा हव्यात आणि आरसीवर तोच आकडा हवा. सतराची गाडी घेऊन पाच सीट घरी काढून ठेवल्या तर टॅक्स सतराचाच बसतो, कारण तो नोंदलेल्या सीटवर लागतो.

आकड्यावरून आठवलं, बारा म्हणजे ड्रायव्हर सोडून बारा का, हे विचाराच. आरसीवरचा आकडा ड्रायव्हर धरून असतो. तिथे 13 असेल तर बारा पॅसेंजर, 12 असेल तर अकरा. जुनी गाडी घेणाऱ्यांनी बोलण्यावर जाऊ नये, आरसी हातात घेऊन वाचावी. कायद्यात मॅक्सी कॅब ड्रायव्हर वगळून बारा पॅसेंजरपर्यंतच आहे, त्यामुळे 'एक जास्तीची सीट टाकून घ्या' हा सल्लाही ऐकू नका.

पायरी. यात्रेची पार्टी साठीच्या पुढची असते. आईला सोबत न्या आणि कोणाचा हात न धरता चढायला लावा. मधली पायरी आणि दाराशी दांडा असल्याशिवाय गुडघे दुखणारं माणूस दिवसात आठ वेळा चढउतार करणार नाही, आणि अष्टविनायकाला तर ती करावीच लागते.

एसी सकाळी रिकाम्या गाडीत बघू नका, कोणताही गारच लागतो. सगळ्यात चांगलं म्हणजे त्याच मॉडेलची कोणाची तरी गाडी एका फेरीसाठी भाड्याने घ्या, घरची बारा माणसं आणि त्यांच्या बॅगा (हो, पुन्हा बॅगा!) भरून दुपारी सप्तशृंग गडाचा घाट चढवा. शेवटच्या रांगेत स्वतः बसा. हवा तिथपर्यंत पोचते का, क्लचचा वास येतो का, ते एका फेरीत कळतं.

हप्ता ठरवताना पंचांग समोर ठेवा. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात लग्नाचं भाडं जवळपास नसतं आणि पितृपक्षात तर फोनही वाजत नाही. तेव्हा गाडी श्रावणातल्या देवदर्शनावर चालते. अधिक महिना वेगळा. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन हंगामात लग्नं बंद, पण पंढरपूरला आणि बीडकडच्या पुरुषोत्तमपुरीला रांगा. लग्नाच्या भरवशावर हप्ता ठरवणाऱ्याला तो महिना जड, यात्रेची गिऱ्हाइकं जोडलेल्याला सोन्याचा. आणि यात्रेची गिऱ्हाइकं सामान जास्त आणतात, कमी नाही.

आता कागद, भराभर. पिवळी पाटी, राज्याबाहेर जायचं असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट, जीपीएस आणि पॅनिक बटण, 80 चा स्पीड गव्हर्नर. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. विम्यात पॅसेंजरचा आकडा आरसीशी जुळतो का बघा. ड्रायव्हरचं लायसन्स आणि बॅज स्वतः वाचा.

ताबा घ्यायच्या दिवशी जॅक, पाना, टूलकिट, स्टेपनी मोजून घ्या. स्टेपनी गाडीखाली आहे की डिकीत, तेही बघा. डिकीत असेल तर वरचा हिशोब पहिल्यापासून पुन्हा मांडा.